क्लोरीन वाढवला आणि रीडिंग कमी झालं : पाण्याच्या टाकीतलं एक कोडं

आजच्या भागात आपण पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनबद्दल बोलणार आहोत. क्लोरीन जंतू मारतो हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे तिथे वेळ घालवत नाही. आपण एक कोडं घेऊया. बंगळुरूच्या बाहेरच्या भागातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये आणि आपल्याकडच्या अनेक ग्रामपंचायतींमध्ये ते कुणा ना कुणाला पडलेलं असतं.

कोडं असं. टाकीत थोडा क्लोरीन टाकला, तपासणी केली, रंग आला. आणखी टाकला, रंग गडद झाला. इथपर्यंत सगळं सरळ. मग अजून टाकला, तर रंग फिका झाला! क्लोरीन वाढवला आणि रीडिंग उतरलं. माणूस म्हणतो, किट खराब असेल, नाहीतर औषध तरी भेसळीचं असेल. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. पाणीच काहीतरी सांगत असतं, आणि ते समजून घेतलं नाही तर नेमक्या चुकीच्या जागी डोस थांबवला जातो.

बंगळुरूच्या संपमध्ये काय काय एकत्र येतं

बंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं. तोरेकाडनहळ्ळीला, म्हणजे स्थानिक भाषेत टी. के. हळ्ळीला, ते शुद्ध होतं आणि हारोहळ्ळी, तातगुणी असे टप्पे घेत वर चढवलं जातं. हे पाणी शहराच्या सगळ्या भागांना पुरत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ते सगळ्या देशाने पाहिलं. शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या आटल्या होत्या आणि टँकरमागे रांगा लागल्या होत्या. त्याच एप्रिलमध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या चाळीसहून अधिक विद्यार्थिनींना कॉलऱ्याच्या संशयावरून रुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि पाणी तपासण्याचा विषय घराघरांत पोहोचला.

अशा दिवसांत एखाद्या इमारतीच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, तीन प्रकारचं पाणी एकत्र येतं : थोडं कावेरीचं, थोडं स्वतःच्या बोअरचं आणि थोडं टँकरचं. टँकरचं पाणीही बहुधा कुठल्यातरी बोअरचंच असतं. दाट वस्तीतल्या बोअरमध्ये आजूबाजूच्या गटारांचा, शोषखड्ड्यांचा पाझर उतरू शकतो. त्या पाझराबरोबर अमोनिया येतो. अमोनिया अगदी थोडा असला तर पाण्याला ना रंग येतो ना वास. आपल्या कोड्यातला न दिसणारा पाहुणा तोच.

क्लोरीन पाण्यात पडल्यावर

सिलिंडरमधला क्लोरीन वायू असो, कॅनमधलं सोडियम हायपोक्लोराइट असो, की आपली टीसीएल पावडर असो, पाण्यात पडल्यावर तिन्हींपासून एकच कामाची गोष्ट तयार होते : हायपोक्लोरस आम्ल. त्याचं सूत्र HOCl. जंतू मारण्याचं मुख्य काम हेच करतं.

या आम्लाला एक जोडीदार आहे. पाणी अल्कधर्मी झालं की हायपोक्लोरस आम्ल आपला हायड्रोजन सोडतं आणि त्याचा हायपोक्लोराइट आयन होतो. दोघांत क्लोरीन तेवढाच, पण कामात फार अंतर. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नाही, तो लहान आहे, म्हणून जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. आयनवर ऋण भार असतो, जंतूच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो, त्यामुळे तो दारातच अडखळतो. जंतू मारण्यात हायपोक्लोरस आम्ल आयनपेक्षा साधारण ८० ते १०० पट प्रभावी मानलं जातं.

या दोघांची वाटणी पाण्याचा पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर शंभरातले सुमारे ७८ भाग हायपोक्लोरस आम्ल असतात. पीएच ७.५ ला दोघं जवळजवळ निम्मेनिम्मे. पीएच ८ ला आम्ल फक्त २६ भाग उरतं आणि पीएच ८.५ ला जेमतेम १०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पीएच ६.५ ते ८.५ पर्यंत चालवून घेतं. म्हणजे मानकाच्या चौकटीतच एका टोकाला क्लोरीनची बहुतेक सगळी ताकद हातात असते आणि दुसऱ्या टोकाला दहावा हिस्सा.

आता यातली खरी अडचण. तपासणीचं किट या दोघांत फरक करत नाही. ते दोन्ही मिळून 'मुक्त क्लोरीन' म्हणून एकच आकडा देतं. समजा दोन इमारतींमध्ये मुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आला. एकीचा पीएच ७ आहे, तिथे कामाचं आम्ल सुमारे ०.३९ आहे. दुसरीचा पीएच ८.५ आहे, तिथे ते फक्त ०.०५ आहे. वहीत दोघांचीही नोंद एकसारखीच, ०.५. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत नुसता ०.५ चा आकडा नाही. पीएच ८ च्या खाली हवा आणि निदान ३० मिनिटांचा संपर्क हवा, अशा दोन अटी त्याला जोडलेल्या आहेत. पीएच न पाहता लिहिलेलं क्लोरीनचं रीडिंग अर्धंच असतं.

मग पीएच कमी करायला संपमध्ये थोडं आम्ल टाकावं का? घरगुती पातळीवर अजिबात नाही. हायपोक्लोराइट किंवा टीसीएलशी आम्ल थेट मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायचं ॲसिड आणि हे औषध एका कोपऱ्यात ठेवू नका, एकाच मगाने मोजू नका. पीएच ८ च्या वर असेल तर आपल्या हातात दोन सुरक्षित उपाय आहेत. संपर्काचा वेळ वाढवायचा, आणि मर्यादेत राहून मुक्त क्लोरीन थोडा वर ठेवायचा.

अमोनिया काय करतो

आता पाहुण्याकडे वळू. हायपोक्लोरस आम्लाला अमोनिया भेटला की दोघं पटकन जोडले जातात आणि मोनोक्लोरामाइन तयार होतं. याला 'संयुक्त क्लोरीन' म्हणतात. क्लोरीन पाण्यातच असतो, किटवर रंगही देतो, पण तो बांधलेला असतो. मुक्त क्लोरीन आणि संयुक्त क्लोरीन मिळून 'एकूण क्लोरीन'.

बांधलेला क्लोरीन किती मंद असतो याची कल्पना यावी म्हणून एक तुलना. जलशुद्धीकरणात 'सीटी' हे माप वापरतात : क्लोरीनचं प्रमाण गुणिले संपर्काची मिनिटं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे २० अंश तापमानाला विषाणू ९९.९९ टक्के निकामी करायला मुक्त क्लोरीनचं सीटी ३ लागतं, क्लोरामाइनचं ७४६. साध्या शब्दांत, ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन जे काम ६ मिनिटांत करतो, तेच काम २ मिलिग्रॅम संयुक्त क्लोरीनला करायला सहा तासांहून जास्त लागतात. सकाळी सात वाजता पंप सुरू होणाऱ्या इमारतीत एवढा वेळ कुठून येणार?

याची किंमत किती मोठी असू शकते हे दिल्लीने पाहिलं आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी पोहोचलं. अभियंत्यांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवले. टायफॉइडची, हगवणीची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी कावीळ पसरली आणि रुग्णांची संख्या सुमारे २९ हजारांवर गेली. पुढे १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने तपासण्यात भाग घेतला, आणि ही कावीळ अ किंवा ब प्रकारची नव्हती हे समोर आलं. आज आपण त्या विषाणूला हिपॅटायटिस ई म्हणतो. सांडपाण्यात अमोनिया भरपूर असतो आणि तो मुक्त क्लोरीनला बांधून टाकतो. जिवाणू आटोक्यात आले आणि विषाणू निसटले, हे चित्र बांधलेल्या क्लोरीनच्या स्वभावाशी तंतोतंत जुळतं.

ब्रेकपॉइंट : कोड्याचं उत्तर

आता डोस वाढवत जाऊ. सुरुवातीचा थोडा क्लोरीन लोहासारख्या पदार्थांवर आणि कुजणाऱ्या सेंद्रिय मळावर खर्च होतो, त्याचा रंग दिसत नाही. मग अमोनियाशी जोडणी सुरू होते आणि एकूण क्लोरीन वाढत जातो. अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या साधारण पाचपट क्लोरीन पडेपर्यंत हा चढ चालतो. इथे शिखर येतं.

शिखराच्या पुढे टाकलेला क्लोरीन मोनोक्लोरामाइनवरच हल्ला करतो. आधी डायक्लोरामाइन होतं, ते टिकत नाही, मोडतं. अमोनियातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो, आणि त्याला बांधलेला क्लोरीन साध्या क्लोराइडमध्ये, म्हणजे मिठात असतो त्या रूपात बदलतो. क्लोराइड किटवर रंग देत नाही. म्हणून क्लोरीन टाकतो तसा आकडा उतरतो! हेच आपलं कोडं.

ही उतरण जिथे संपते त्या तळाला ब्रेकपॉइंट म्हणतात. हिशेबाने तो नायट्रोजनच्या ७.६ पटीला यायला हवा. प्रत्यक्षात आठ ते दहा पट लागतात. तिथून पुढे टाकलेला प्रत्येक मिलिग्रॅम मात्र मुक्त क्लोरीन म्हणून पाण्यात उभा राहतो. तळाशीही रीडिंग अगदी शून्य होत नाही, कारण सेंद्रिय नायट्रोजनला चिकटलेला थोडा क्लोरीन तसाच राहतो.

इथेही पीएचचा हात आहेच. ही मोडतोड पीएच ७ ते ८ च्या दरम्यान सर्वांत वेगाने होते. त्याहून वर ती रेंगाळते, म्हणून डोस देऊन पाच मिनिटांत घेतलेलं रीडिंग फसवतं.

एक हिशेब करून पाहू

समजा एका इमारतीचा संप ५० हजार लिटरचा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात पीएच ७.६ आणि अमोनिया, नायट्रोजनच्या रूपात, ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. भारतीय मानकाची अमोनियाची मर्यादा ०.५ आहे, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या आत बसतं. तरीही यात सापळा आहे.

ब्रेकपॉइंट शोधायला सहा स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्या घ्यायच्या आणि प्रत्येकीत संपचं १० लिटर पाणी भरायचं. १० टक्के ताकदीचं सोडियम हायपोक्लोराइट १० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर करायचं. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम क्लोरीन असतो. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने पहिल्या बादलीत १० मिलिलिटर, दुसरीत २०, असं सहावीत ६० पर्यंत टाकायचं. म्हणजे डोस झाले १ ते ६ मिलिग्रॅम प्रति लिटर. ढवळून, झाकून, तासभर सावलीत ठेवायच्या आणि मग मोजायचं. आपल्या उदाहरणातल्या पाण्यात आकडे साधारण असे येतील :

| डोस (मिलिग्रॅम प्रति लिटर) | एकूण क्लोरीन | मुक्त क्लोरीन |
|---|---|---|
| १ | ०.६ | ० |
| २ | १.६ | ० |
| ३ | १.१ | ० |
| ४ | ०.४ | ०.१ |
| ५ | १.३ | १.० |
| ६ | २.२ | १.९ |

दुसऱ्या बादलीनंतर आकडा उतरला, चौथीशी तळ आला, पाचवीपासून मुक्त क्लोरीन दिसू लागला. आपल्याला मुक्त क्लोरीन ०.५ च्या आसपास हवा. भारतीय मानकात किमान ०.२ आहे, विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे ०.५, आणि वरची मर्यादा १. म्हणून डोस ४.५ धरू. ५० हजार लिटरला ४.५ मिलिग्रॅम म्हणजे २२५ ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांच्या द्रावणात लिटरमागे १०० ग्रॅम असतो, तेव्हा सव्वादोन लिटर द्रावण लागेल.

आता सापळा पाहा. हायपोक्लोराइटचा कॅन उन्हात, गच्चीवर, दोन-तीन महिने पडून होता आणि त्याची ताकद निम्मी झाली. आपण मोजून सव्वादोन लिटरच टाकलं, पण पाण्यात डोस गेला २.२५ चा, म्हणजे बरोबर शिखराजवळ. एकूण क्लोरीन दीडच्या वर येईल, रंग झकास येईल, वासही येईल. वॉचमन सांगेल, "सर, क्लोरीन जास्त झाला, उद्या कमी टाकतो." प्रत्यक्षात मुक्त क्लोरीन शून्य आहे, आणि कमी टाकलं तर तो शून्यच राहणार. इथे डोस वाढवायला हवा होता.

कॅनची ताकद घरच्या घरी ताडून पाहता येते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी एक लिटर घ्या, त्यात वरचं द्रावण एक मिलिलिटर टाका. कॅन ताजा असेल तर रीडिंग १ च्या जवळ येईल. ०.५ आलं तर ताकद निम्मी आहे असं समजा आणि त्या हिशेबाने द्रावण दुप्पट घ्या.

कुठलं किट काय सांगतं

महाराष्ट्रातले जलसुरक्षक वर्षानुवर्षं ओटी चाचणी करत आले आहेत : पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब आणि पिवळा रंग. यात मुक्त क्लोरीनचा रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत येतो. संयुक्त क्लोरीन हळूहळू रंग देतो. पाच मिनिटांनी पाहिलेला पिवळा रंग दोघांचा मिळून असतो. म्हणजे ओटी वापरत असाल तर थेंब टाकल्याबरोबर दिसणारा रंग बघा. तो फिका असेल आणि नंतर गडद होत गेला, तर तुमचा क्लोरीन बांधलेला आहे.

त्यापेक्षा डीपीडी किट चांगलं. त्यात गुलाबी रंग येतो. पहिली गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण. पहिल्या गोळीचं रीडिंग मिनिटभरात घ्यायचं, कारण नळी तशीच ठेवली तर क्लोरामाइनही रंग देऊ लागतं आणि मुक्त क्लोरीन आहे असा भास होतो. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. फरक मोठा आणि पहिलं रीडिंग शून्य, तर तुम्ही ब्रेकपॉइंटच्या अलीकडे आहात.

बंगळुरूकरांसाठी एक खास गोष्ट. कावेरीचं पाणी नळातून ०.५ मुक्त क्लोरीन घेऊन आलं, तरी तेवढा क्लोरीन बांधून टाकायला मिश्रणात ०.१ मिलिग्रॅम अमोनिया पुरतो. म्हणून रीडिंग कावेरीच्या नळाशी घेऊन भागत नाही. ते मिश्रण झाल्यावर संपमध्ये, आणि शेवटी सर्वांत लांबच्या घराच्या नळावर घ्यायला हवं. शिवाय टँकर बदलला की अमोनिया बदलतो, आणि अमोनिया बदलला की ब्रेकपॉइंट सरकतो. 'रोज सव्वादोन लिटर' अशी पाटी संपवर लावून काम होत नाही.

कुठे थांबायचं

अमोनिया ०.४ असेल तर ४.५ मिलिग्रॅममध्ये काम होतं. तो ३ असेल तर तीसच्या आसपास क्लोरीन ओतावा लागेल. तेवढ्यात सेंद्रिय मळाशी क्लोरीनचे नको ते पदार्थ, ट्रायहॅलोमिथेनसारखे, तयार होतात, आणि डोस चुकला तर डोळ्यांना झोंबणाऱ्या वासाचं ट्रायक्लोरामाइनही होऊ शकतं. एवढा अमोनिया म्हणजे बोअरमध्ये गटार उतरतंय, असं धरून चाला. तिथे क्लोरीनचं काम संपतं आणि प्लंबरचं सुरू होतं. ते बोअर बंद करून पाझर कुठून येतोय हे शोधायचं.

गढूळ पाण्यातही क्लोरीन टाकून उपयोग नाही, कारण जंतू मातीच्या कणांआड लपतात. आधी गाळणं, मग क्लोरीन.

तेव्हा पुढच्या वेळी तपासणीत रंग गडद आला म्हणून लगेच समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा. हा रंग मुक्त क्लोरीनचा आहे की एकूण? पीएच किती आहे? आणि डोस थोडा वाढवला तर आकडा चढतो की उतरतो? उतरत असेल तर घाबरून डोस कमी करू नका. तुम्ही शिखर ओलांडलं आहे आणि तळ पुढेच आहे.